मदत हवी आहे: एकाच मुलाचे गुण एका सूत्राने कुंपणाबाहेर, दुसऱ्याने आत

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीला अकराच मुलं. गणिताचे 50 पैकी गुण असे:

17, 27, 28, 30, 31, 32, 33, 35, 36, 38, 41

सरासरी काढण्याआधी फार कमी-जास्त गुण हेरायचे म्हणून चतुर्थकांतल्या अंतराच्या दीडपट कुंपण घातलं. `QUARTILE.INC` ने चतुर्थक 29 आणि 35.5 येतात, अंतर 6.5, खालचं कुंपण 19.25, म्हणजे 17 बाहेर. `QUARTILE.EXC` ने तेच 28 आणि 36, अंतर 8, कुंपण 16. म्हणजे 17 आत! वरच्या बाजूला दोन्हींत कोणीच अडकत नाही.

17 ची उत्तरपत्रिका परत काढून बेरीज ताळून पाहिली, नोंद बरोबर आहे. गैरहजर कोणी नव्हतं, त्यामुळे शून्याची भानगड नाही. तो गुण धरून सरासरी 31.6, वगळून 33.1. बरोबर असलेला गुण नुसता कुंपणाबाहेर पडला म्हणून वगळणं मला तरी पटत नाही, पण अहवालात मुख्याध्यापकांना एकच आकडा हवाय.

इतक्या लहान वर्गाला कुठलं सूत्र धरावं? आणि एकच आकडा द्यायचा तर 17 धरून सरासरी द्यावी, की मध्यक 32?