लाइफ कोचच्या कार्डावरचं नेमकं काय खरं धरायचं? (मदत हवी आहे)

पार्क चौक
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतोय. वय 33, पुण्यात नोकरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. तो सांभाळायला परत यायचं की नोकरीतच राहायचं, हे त्याचं वर्षभर ठरेना. एका मोफत सेमिनारनंतर तिथल्या लाइफ कोचनी त्याला सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलंय. 24 सेशन, रविवारपर्यंत भरले तर 72 हजार, नंतर 90 हजार. कार्डावर चार गोष्टी आहेत: आयसीएफ सर्टिफाइड, एनएलपी मास्टर प्रॅक्टिशनर, भारत सरकार नोंदणीकृत (खाली उद्यम क्रमांक) आणि आयएसओ 9001. यातलं काय खरं धरायचं? आणि सोलापुरातल्या लाइफ कोचची सरकारी यादी कुठे बघायला मिळते?

भुईकोट
आयसीएफ म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, आंतरराष्ट्रीय संस्था आहे. डॉक्टरांना जशी मेडिकल कौन्सिल, तशी कोच लोकांना आयसीएफ. कार्डावर आयसीएफ आहे ना, मग बिनधास्त भरा पैसे. बाकीचं बघू नका.

विजापूर रोड
भुईकोट, आयसीएफ मोठी आणि जुनी संस्था आहे, 1995 पासूनची, हे बरोबर. पण कौन्सिलशी तुलना चालणार नाही. मेडिकल कौन्सिलच्या पाठीशी कायदा असतो, नाव कमी झालं की डॉक्टरला दवाखाना चालवता येत नाही. आयसीएफ ही खाजगी संस्था आहे, तिच्यात जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिने एखाद्याचं क्रेडेन्शियल काढून घेतलं तरी तो दुसऱ्या दिवशी 'लाइफ कोच' अशी पाटी लावून बसू शकतो.

पार्क चौक, म्हणूनच सरकारी यादी मिळणार नाही, ती नाहीच. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद 1992 च्या कायद्याखाली रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होते. लाइफ कोच हे नाव अशा कुठल्याच कायद्यात नाही. कारण असं की, परवाना लावायचा तर कायद्याला आधी सांगावं लागतं की अमुक काम परवान्याशिवाय करायचं नाही. कोच स्वतःच म्हणतो की मी निदान करत नाही, उपचार करत नाही, प्रश्न विचारून तुम्हाला तुमचा निर्णय घ्यायला मदत करतो. तेच काम मामा करतो, जुने मास्तर करतात, कंपनीतला साहेब करतो. मग रेघ कुठे ओढायची? आजार नाही, औषध नाही, त्यामुळे कोचचं चुकलं हे दाखवायलाही ठोस काही हाती लागत नाही. उरतो तो ग्राहक कायदा आणि तुम्ही केलेला लेखी करार.

आता कार्ड. उद्यम नोंदणी म्हणजे धंद्याची नोंद. ती ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच माहिती भरून होते. वडापावच्या गाडीलाही मिळते. त्यावर 'भारत सरकार नोंदणीकृत' लिहिणं खोटं नाही, पण कोचिंगचं ज्ञान कुणी तपासलंय असा अर्थ निघत असेल तर तो दिशाभूल करणारा आहे. आयएसओ 9001 संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, माणसाच्या कौशल्याबद्दल नाही. एनएलपी हे बोलण्या-विचारांच्या सवयी बदलायचं एक तंत्र, त्याला एकच अधिकृत संस्था नाही, त्यामुळे 'मास्टर' या शब्दामागे किती तासांचं शिक्षण आहे ते कार्डावरून कळत नाही.

राहिलं आयसीएफ. तिथेच खरी मेख आहे. 'आयसीएफ सर्टिफाइड' असं मोघम लिहिलं असेल तर त्याच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. नुसतं सभासदत्व असेल, आयसीएफने मान्य केलेल्या एखाद्या कोर्सचं प्रमाणपत्र असेल, किंवा खुद्द आयसीएफने त्या माणसाला दिलेलं क्रेडेन्शियल असेल. वजन तिसऱ्याला. त्याच्या पायऱ्या एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. एसीसीला किमान 60 तास प्रशिक्षण, प्रत्यक्ष लोकांबरोबर 100 तास काम, 10 तास मेंटर कोचकडून तपासणी आणि वर परीक्षा. पीसीसीला 125 आणि 500 तास, एमसीसीला 200 आणि 2500. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

तपासायचं असं. कोचला विचारा, "तुमचं क्रेडेन्शियल कुठलं आणि कुठल्या तारखेपर्यंत?" मग आयसीएफ क्रेडेन्शियलबरोबर देते त्या डिजिटल बॅजची लिंक मागा आणि ती स्वतः उघडा. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफवर थांबू नका. बॅजवरचं नाव, पायरी आणि मुदत कार्डाशी जुळवा. coachingfederation.org वर कोच शोधायची सोय आहे, पण तिथे नाव नसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. प्रत्येक जण तिथे आपली माहिती टाकतोच असं नाही.

जुळे सोलापूर
छान माहिती. आमच्या मिसेसना पण लाइफ कोच व्हायचंय. तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स आहे, 12 हजार, 'आयसीएफ मान्य तास' मिळतात म्हणतात. तो केला की एसीसी होईल ना?

विजापूर रोड
नाही होणार दादा. तीन दिवसांत 60 तास बसणारच नाहीत. कोर्सवाल्याला विचारा, हा लेव्हल 1 किंवा लेव्हल 2, म्हणजे क्रेडेन्शियलच्या अर्जाला चालणारा कोर्स आहे का? बहुतेक ते 'सीसीई' तास असतील. ते आधीच क्रेडेन्शियल असलेल्या कोचना नूतनीकरणासाठी लागतात. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे पार्क चौक यांचा प्रश्न मागे पडेल.

शेंगाचटणी
मला तर कोचच नको वाटतो. कारखान्याचं कर्ज किती, माग किती जुने, येणं किती अडकलंय, हे सीएजवळ बसून बघा. आकडे कळले की निर्णय आपोआप होईल. शिवाय वर्षभर ठरत नाही म्हणताय, भावाची झोप, जेवण ठीक आहे का?

पार्क चौक
झोप नाही ताई. दोन-तीन महिने झाले, रात्री तीनपर्यंत जागा असतो. वजनही कमी झालंय. कोच म्हणाले, "विचारांचा गोंधळ आहे, माइंडसेटवर काम केलं की जाईल."

विजापूर रोड
हे आधी सांगायला हवं होतं. मग पैशाचा विषय बाजूला ठेवा. दोन-तीन महिने झोप नाही आणि वजन घटतंय, तर पहिली भेट डॉक्टरची. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा किंवा तो पुण्यात असेल तर तिथे. 14416 वर टेली-मानसची मोफत मदत मिळते, मराठीतही. आयसीएफच्या नीतिनियमांतही आहे की, गरज दिसली तर कोचने माणसाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावं. झोपेचं ऐकूनही 'माइंडसेट' म्हणून पॅकेज पुढे करणं, हे माझ्या मते कार्डावरच्या चारही गोष्टींपेक्षा जास्त बोलकं आहे.

डॉक्टरांनी पाहिल्यावरही कोच हवासा वाटला तर आधी एकच सेशन पैसे देऊन करा. चांगला कोच भावाला 'परत ये' किंवा 'येऊ नकोस' असं सांगणार नाही, त्याचा निर्णय त्यालाच घ्यायला मदत करेल. पॅकेज घ्यायचंच तर लेखी करार करा. 24 सेशनचे 72 हजार म्हणजे सेशनला 3 हजार. सहा सेशननंतर थांबायचं ठरलं तर 18 हजार वजा जाऊन 54 हजार परत मिळतील, किती दिवसांत मिळतील, आणि बोललेलं कुणाला सांगितलं जाणार नाही, हे त्यात हवं. 'पैसे परत नाहीत' असं लिहिलं असेल तर सही करू नका.

भुईकोट
मान्य. पण क्रेडेन्शियल नसलेले चांगले कोच नसतातच का? वीस-वीस वर्षं कारखान्यात माणसं घडवलेले लोक आहेत आपल्याकडे.

विजापूर रोड
असतात की. पण त्यांना पारखायला तुमच्या हाती पुरावा कमी उरतो. मग ज्यांच्याबरोबर काम केलंय अशा दोघांशी त्यांच्या परवानगीने बोलून घ्या, आणि पैसे एकगठ्ठा न देता सेशनमागे द्या.

शेंगाचटणी
आणि पैसे आधीच गेले असतील तर?

विजापूर रोड
आधी लेखी मागणी करा, ईमेलवर. मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. क्रेडेन्शियल खरं असेल तर आयसीएफकडे नीतिनियमांची तक्रारही करता येते, पण तिथून पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. सेमिनारची जाहिरात, व्हॉट्सअॅप मेसेज, पावती, सगळं जपून ठेवा.

पार्क चौक
आभार सगळ्यांचे. आताच बॅजची लिंक मागितली. उत्तरात एका कोर्सचं प्रमाणपत्र आलंय पीडीएफमध्ये, त्यावर 'आयसीएफ लेव्हल 1' छापलंय. म्हणजे एसीसी आहे असं धरू का?

विजापूर रोड
नको. कोर्स लेव्हल 1 चा आहे एवढंच त्यातून दिसतं. एसीसीसाठी पुढे 100 तास आणि परीक्षा आहेच. "एसीसी मिळालंय की अजून अर्ज करायचाय?" असं सरळ विचारा. अजून शिकत असतील आणि तसं मोकळेपणाने सांगितलं तर त्यात वाईट काही नाही, फक्त सेशनला 3 हजार हा दर त्या पायरीला जास्त वाटतो. रविवारची मुदत सोडून द्या. भावाची डॉक्टरची वेळ कधीची मिळतेय?