मदत हवी आहे: दहा टक्के कपात, नंतर दहा टक्के वाढ, तरीही पगार आधीइतका का होत नाही?

निशिगंध (धागाकर्ती):
नमस्कार. कपातीपूर्वी माझा एकूण मासिक पगार ५०,००० होता. काम कमी झाल्याचे कारण देऊन आमच्या संस्थेने सर्वांच्या पगारात १० टक्के कपात केली आणि माझा पगार ४५,००० वर आला. आता मिळालेल्या पत्रात ‘सर्वांना १० टक्के वाढ देऊन कपात मागे घेण्यात येत आहे’ असे लिहिले आहे, परंतु पगारपत्रकावर ४९,५०० हा आकडा आहे. लेखा विभागात विचारले असता ‘दहा टक्के कापले होते, दहा टक्के दिले, हिशेब पूर्ण झाला’ असे उत्तर मिळाले. ४५,००० चे १० टक्के ४,५०० होतात हे मी करून पाहिले आहे, त्यामुळे बेरजेत चूक नाही. तरीही दोन्ही वेळा दहाच टक्के असताना ५०० नेमके कुठे गेले, हे वरिष्ठांपुढे मांडता येईल इतके स्पष्ट मला झालेले नाही. शिवाय हा फरक पुढील वार्षिक वाढीत आपोआप भरून निघेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

वाचक२१:
कपात ५०,००० वर मोजली गेली आणि वाढ ४५,००० वर, एवढेच कारण आहे. दहा टक्के हा आकडा तोच असला तरी तो ज्या रकमेवर लावला ती रक्कम लहान झाली. आपण ११ टक्के वाढ मागावी, म्हणजे पगार पूर्ववत होईल. माझ्या मते क्रमही आपल्या विरोधात गेला. आधी वाढ आणि नंतर कपात झाली असती तर नुकसान झाले नसते.

लेखनिक:
वाचक२१ यांनी दिलेले कारण बरोबर आहे, परंतु पुढची दोन्ही विधाने तपासून पाहावीत. आधी वाढ दिली असती तर ५०,००० चे ५५,००० झाले असते, आणि नंतरची १० टक्के कपात ५५,००० वर, म्हणजे ५,५०० ची झाली असती. हातात पुन्हा ४९,५०० च राहिले असते. एकदा ०.९ ने आणि एकदा १.१ ने गुणायचे असल्याने क्रम कोणताही घेतला तरी गुणाकार ०.९९ च येतो. मधल्या महिन्यांत मिळणारी रक्कम अर्थातच वेगळी असती, पण शेवटचा आकडा बदलला नसता.

११ टक्क्यांनीही काम होत नाही: ४५,००० वर ११ टक्के म्हणजे ४,९५०, आणि पगार ४९,९५० होतो. हवे आहेत ५,०००, आणि ते ४५,००० चा बरोबर नववा भाग आहेत, म्हणजे ११.११ टक्के आणि त्यापुढे न संपणारे दशांश. म्हणूनच अशा पत्रात टक्केवारीऐवजी रक्कम लिहून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

निशिगंध, आपले ५०० कुठे गेले ते असे पाहता येईल. कपातीच्या वेळी ५,००० बाजूला काढले गेले. वाढ मोजताना उरलेल्या ४५,००० वर १० टक्के मिळाले, पण त्या काढून घेतलेल्या ५,००० वर काहीच मिळाले नाही, कारण ते त्या वेळी पगारात नव्हतेच. त्या ५,००० चे १० टक्के म्हणजेच आपले ५००. वरिष्ठांपुढे एवढे एकच वाक्य मांडले तरी पुरेसे होईल, असे मला वाटते.

मुक्ता:
मूळ प्रश्न वेगळाच वाटतो. कपातीच्या काळात दर महिन्याला ५,००० कमी मिळाले, ती थकबाकी संस्था देणार की नाही, हे आधी विचारायला हवे. ५०० साठी वाद घालण्यात काय अर्थ आहे?

निशिगंध:
मुक्ताताई, थकबाकीचा प्रश्न मोठा आहे हे मान्य आहे, परंतु ती देण्याचे आश्वासन संस्थेने कधीच दिले नव्हते. पगार पूर्ववत करण्याचे मात्र लेखी कळवले आहे, म्हणून इथे मी तेवढेच विचारत आहे.

पायवाट:
आमच्याकडे याहून वाईट झाले. माझा एकूण पगार ४०,००० होता, त्यात बेसिक २०,००० आणि उरलेले भत्ते. कपात सर्व घटकांवर झाली, म्हणून एकूण ३६,००० आणि बेसिक १८,००० झाले. नंतरची १० टक्के वाढ मात्र फक्त बेसिकवर दिली गेली, म्हणजे १,८००, आणि पगार ३७,८०० वर थांबला. पत्रात ‘१० टक्के वाढ’ एवढेच लिहिले होते. कशावर, हे कुठेच नव्हते. आपणही कपातीपूर्वीचे आणि आताचे पगारपत्रक शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहा.

लेखनिक:
पायवाट यांची सूचना महत्त्वाची आहे. सर्व घटकांवर सारखीच कपात आणि सारखीच वाढ झाली असेल, तर प्रत्येक ओळीत जुन्या रकमेच्या ९९ टक्के दिसतील. एखादी ओळ ९० टक्क्यांवरच राहिलेली आढळली, तर त्या घटकावर वाढ दिलेलीच नाही असे समजावे. एकूण ४९,५०० येत आहेत, त्यावरून निशिगंध यांच्याबाबतीत तसे झालेले दिसत नाही.

आता वार्षिक वाढीबद्दल. पुढील वाढ ८ टक्के मिळाली असे धरू. कपात झालीच नसती तर ५०,००० चे ५४,००० झाले असते. आता ४९,५०० चे ५३,४६० होतील. फरक ५०० वरून ५४० वर गेला. त्यापुढच्या वर्षी पुन्हा ८ टक्के मिळाले तर तो ५८३ च्या पुढे जाईल. टक्केवारीने दिलेली कोणतीही वाढ हे एक टक्क्याचे अंतर मिटवू शकत नाही, कारण ती दोन्ही आकड्यांना एकाच पटीने वाढवते. ते मिटवायचे तर एकदा ठरावीक रक्कमच वाढवून द्यावी लागते. ५०० साठी वाद कशाला, या मुक्ता यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे की हे ५०० एका महिन्याचे नाहीत.

वाचक२१:
क्रमाबद्दलचे माझे विधान मागे घेतो, आपण दिलेला गुणाकार पटला. कपात मोठी असेल तर हा फरकही त्याच प्रमाणात वाढतो का?

लेखनिक:
त्याच प्रमाणात नाही, त्याहून वेगाने. २० टक्के कपात आणि २० टक्के वाढ झाल्यास ४ टक्के कमी पडतात, आणि पूर्ववत होण्यासाठी २५ टक्के वाढ लागते. पगार निम्मा केला तर नंतरची ५० टक्के वाढ केवळ तीन चतुर्थांशापर्यंत नेते. तिथे पगार दुप्पटच करावा लागतो. कपात दुप्पट झाली की तूट चौपट होते.

निशिगंध:
सर्वांचे आभार. पगारपत्रक ताडून पाहिले. प्रत्येक ओळ ९९ टक्केच आहे. ‘कपात मागे घेण्यात येत आहे’ या शब्दांचा आधार घेऊन, एकूण मासिक पगार ५०,००० असा आकड्यात नमूद केलेले सुधारित पत्र द्यावे, असा अर्ज मी करत आहे.

पायवाट:
आमच्याकडे अशाच अर्जावर ‘वाढ १० टक्केच मंजूर झाली होती’ असे उत्तर आले होते. पत्रात दोन्ही गोष्टी लिहिल्या असतील तर कोणती ग्राह्य धरायची?

लेखनिक:
हे गणिताने ठरणार नाही. माझ्या मते उद्देश कपात मागे घेण्याचा होता आणि १० टक्के हे केवळ त्याचे साधन म्हणून लिहिले गेले, परंतु मंजुरीचा मूळ ठराव पाहिल्याशिवाय ते ठामपणे म्हणता येणार नाही. निशिगंध, अर्जासोबत त्या ठरावाची प्रतही मागावी.