मदत हवी आहे: पीएमईजीपीच्या पीपीटीवरून कागदपत्रांची यादी

हडपसरला आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी पीएमईजीपी, म्हणजे स्वतःचा उद्योग काढायला कर्ज-अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या सरकारी पीपीटीवरून एका पानाची मराठी यादी करतेय. पीपीटीत पात्रता एका स्लाइडवर, कागदपत्रं दुसऱ्यावर. कोणता कागद कोणाला, हे कळत नाही. आठवी पासची अट उत्पादनात 10 लाखांवरच्या आणि सेवेत 5 लाखांवरच्या प्रकल्पालाच आहे. पण मी दाखला सरसकट लिहिला, तर 4 लाखांचं शिवणकाम काढणारी सातवी पास ताई अर्जच न करता परतली! आता "सगळ्यांना" आणि "लागू असेल तरच" असे दोन रकाने केलेत. आधार, प्रकल्प अहवाल पहिल्यात. जातीचा दाखला दुसऱ्यात. "कुटुंबात एकालाच" ही अट मात्र कुठेच बसेना. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, एवढं ठाऊक आहे. त्यासाठी तुमच्याकडे अर्जासोबत वेगळं स्वयंघोषणापत्र मागितलं, की बँकेत?