गोळीचं पाकीट किती दिवस कपाटात पडून होतं? अनुभव लिहा

सायली: माझं अकरा दिवस. नैराश्यासाठी एसिटालोप्राम ५ मिग्रॅ दिली होती, पण 'एकदा लागली की सुटत नाही' हेच डोक्यात. शेवटी सुरू केली, तर मळमळ, आणि धडधड उलट वाढली. पाचव्या दिवशी फोन केला. डॉक्टर म्हणाले, त्रास आधी येतो, गुण नंतर. चार-सहा आठवडे तरी बघू. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली. हे आधीच विचारलं असतं तर इतकी घाबरले नसते. तुम्ही काय विचारलंत, काय राहून गेलं?

नाना: सवय लागतेच हो. बरं वाटलं म्हणून मी चार महिन्यांनी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकायची, शिवाय चक्कर आणि चिडचिड. हे व्यसन नाही तर काय?

वृंदा (मनोविकार विभागात परिचारिका): नाना, त्रास खरा होता, पण याला व्यसन म्हणत नाहीत. तुम्हाला गोळीची तलफ येत नव्हती, डोस वाढवावासाही वाटत नव्हता. मेंदूला तिची सवय झालेली असते, म्हणून ती हळूहळू कमी करायची. काहींना त्यात महिने जातात, तेव्हा 'सहज सुटते' म्हणणारेही चुकतातच.

चिठ्ठीवर पुष्कळदा दोन गोळ्या असतात. दुसरी, क्लोनाझेपाम, सुरुवातीच्या अस्वस्थतेपुरती. खरं अवलंबित्व येतं ते हिचं. लोक नेमकं उलटं करतात: गुण दिसत नाही म्हणून पहिली सोडतात आणि झोप लागते म्हणून दुसरी वर्षभर चालवतात. म्हणून प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही कशासाठी आणि किती दिवस? आणि वर्षभर घेतली असेल तर तीही आपल्या मनाने एकदम सोडू नका, फिट येऊ शकते. सुरुवातीला, विशेषतः तरुण मुलांमध्ये, तगमग वाढली किंवा मरणाचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं.

मंदार: माझा भाऊ लिथियमवर आहे, त्याचं रक्त सारखं तपासतात. तुमचं कुणी तपासत नाही? मग डोस कळतो कसा?

वृंदा: लिथियमचं वेगळं. त्यात पुरेसा डोस आणि घातक डोस यांत अंतर थोडं, म्हणून रक्तातली पातळी बघावी लागते. इथे लक्षणांवरून ठरवतात.

अनामिक: कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. शरीरसंबंधाची इच्छाच गेली. लाजेने सहा महिने बोललो नाही, गोळ्या मात्र मधूनमधून चुकवायचो. शेवटी सांगितल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं. थोडा फरक आहे, पूर्ण नाही.

नाना: बरं, व्यसन नाही म्हणू. पण बरं वाटल्यावरही किती दिवस घ्यायची?

वृंदा: पहिल्यांदाच झालेलं असेल तर साधारण सहा महिने तरी. पुन्हा पुन्हा होत असेल तर जास्त.

सायली: माझं दुसऱ्यांदा आहे. 'जास्त' म्हणजे किती, हे मंगळवारी विचारणार आहे.