मदत हवी आहे: यूट्यूबच्या पैशांसाठी बँकेला पत्र कसं लिहू?

नमस्कार मंडळी, माझं रेसिपीचं चॅनेल आहे, ॲडसेन्सचे पैसे डॉलरमध्ये सिंगापूरच्या गुगल एशिया पॅसिफिककडून साध्या सेव्हिंग खात्यात येतात. या महिन्याचे २१२ डॉलर बँकेने अडवून ठेवलेत, पैसे कशाचे ते लेखी द्या म्हणतात. वर मागच्या दोन वेळी त्यांनी परपज कोड P1301 टाकलाय, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेले पैसे! माझं परदेशात कुणीच नाही हो, ही जाहिरातींची कमाई आहे आणि मी ती रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवते, मग उद्या दोन्ही जुळलं नाही तर उत्तर मलाच द्यावं लागणार.

पत्रात एवढं लिहिलंय: "सदर रक्कम माझ्या व्हिडिओंवर दाखवलेल्या जाहिरातींतील माझा हिस्सा असून ती भेट, कर्ज अथवा कौटुंबिक मदत नाही. कृपया P1007 (जाहिरात सेवा) हा कोड लावावा." सोबत ॲडसेन्सची पेमेंट रिसीट, चॅनेलचा स्क्रीनशॉट, पॅन जोडतेय. रिसीटवर डॉलर आणि पासबुकात रुपये, त्यामुळे तारीख आणि बँकेचा दर पण लिहिलाय.

कुणी जुन्या एंट्रीचा कोड बदलून घेतलाय का? त्याच पत्रात मागू की वेगळा अर्ज देऊ? आणि एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, मागितल्यावर तुम्हाला खरंच मिळालं का?