कार्यपद्धतीतला ‘मी’ काढायचा कसा, आणि काढायचाच का?

निफाडकर: कांद्याच्या शेतातल्या मातीवरचा माझा लेख नियतकालिकाकडून परत आलाय. शेरा: ‘कार्यपद्धती प्रथमपुरुषी आहे, बदला.’ मजकूर असा: ‘मी शेतात नागमोडी चालत गेले आणि दहा ठिकाणी व्ही आकाराचे, १५ सेंमी खोल खड्डे घेतले. बांधाजवळची माती मला नको वाटली. मी आणि भावाने माती सावलीत वाळवली, मग मी ती २ मिमीच्या चाळणीने चाळली.’ कसं बदलू?

गंगापूर_रोड: सोपं आहे. सगळीकडे ‘करण्यात आले’ लावा. खड्डे घेण्यात आले, माती वाळवण्यात आली. आमच्या विभागात सगळे असंच लिहितात.

मुद्रितशोधक: मराठीत एवढा खटाटोप लागत नाही. ‘मी माती चाळली’ यात क्रियापद मातीप्रमाणे चालतं. चाळणारा पुरुष असो की बाई, ‘चाळली’च. ‘मी’ खोडा, ‘माती २ मिमीच्या चाळणीने चाळली’ हे वाक्य पुरं आहे. ‘चालत गेले’ला मात्र ही सोय नाही, तिथे ‘मी’ काढूनही तुम्ही दिसताच. तसंही चालण्यापेक्षा ठिकाणांची मांडणी महत्त्वाची: ‘नागमोडी रेषेवर दहा ठिकाणी खड्डे घेतले.’

खरी अडचण ‘नको वाटली’ची आहे. ‘बांधाजवळची माती टाळण्यात आली’ असं लिहिलंत तर ‘मी’ जाईल, पण दुसऱ्या कुणाला तसंच करता येणार नाही. किती अंतर सोडलं आणि का?

निफाडकर: दोन मीटर. बांधावर शेणखताचा ढीग होता, त्याची भेसळ नको होती.

मुद्रितशोधक: मग तेच लिहा: ‘शेणखताची भेसळ टाळण्यासाठी बांधापासून २ मीटरचा पट्टा वगळला.’

पंचवटीची_सून: मला प्रबंधात प्रत्येक ‘मी’च्या जागी ‘संशोधकाने’ लिहायला लावलं होतं. दोनशे पानं पुन्हा टाइप केली. अजून राग येतो.

सातपूर: माझा या बदलालाच विरोध आहे. ‘नेचर’ स्वतः लेखकांना कर्तरी प्रयोग सुचवतं, ‘आम्ही’ तिथे चालतो. कर्ता पुसला की जबाबदारी पुसते. वरच्या वाक्यातला भाऊ कुठे गेला?

मुद्रितशोधक: वाळवणं कुणीही केलं तरी माती तीच राहते, म्हणून भाऊ गेला तरी चालतो. पण मातीचा पोत हाताने चोळून ठरवला असेल तर कुणी ठरवला हे लिहावंच लागेल. तिथे माणूसच मोजपट्टी असतो.

निफाडकर: पोत आम्ही दोघांनी वेगवेगळा ठरवला होता. दोन नमुन्यांत जमलं नाही, तिथे माझं धरलं. हे लेखात नाहीच.

मुद्रितशोधक: ते आधी घाला. ‘पोत दोघांनी स्वतंत्रपणे ठरवला, दोन नमुन्यांत फरक आला, तिथे लेखिकेचा निर्णय ग्राह्य धरला.’

सातपूर: ‘लेखिका’ म्हणजे ‘मी’च ना? मग ‘मी’ लिहिलं तर काय बिघडतं?

मुद्रितशोधक: माझ्या मते काही बिघडत नाही. पण लेख त्यांना याच नियतकालिकात छापायचा आहे.