सात वर्षांनी रेझ्युमेतलं खोटं सापडलं, कंपनी एका दिवसात काढू शकते का?

धागाकर्ता (हिंजवडी): माझा भाऊ टेस्टिंगमध्ये आहे. २०१८ ला जॉईन झाला तेव्हा रेझ्युमेत ३ वर्षं एक्सपीरियन्स दाखवला होता, त्यातलं दीड वर्ष बोगस, एका कन्सल्टन्सीने लेटर बनवून दिलं होतं. नंतर दोन प्रमोशन, रेटिंग कायम चांगलं. आता नवीन क्लायंटने सगळ्या टीमचं व्हेरिफिकेशन परत करायला लावलं त्यात ते निघालं. काल एचआरने बोलावून सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत रिझाइन कर नाहीतर टर्मिनेट करू आणि ग्रॅच्युइटी पण विसर. एवढ्या वर्षांच्या कामाला काहीच किंमत नाही का? तुमचं मत काय?

एचआरवाली_ठाणे: मत स्पष्ट आहे, खोटं ते खोटं, सात वर्षं झाली म्हणून ते खरं होत नाही. ऑफर लेटरमध्ये क्लॉज असतो की दिलेली माहिती कधीही खोटी निघाली तर नोटीसशिवाय सेवा संपेल, आणि त्यावर सही त्यानेच केली आहे. त्यामुळे चौकशी वगैरेची गरज नाही आणि ग्रॅच्युइटी पण देणं लागत नाही. उलट रिझाइन करायला सांगतायत म्हणजे कंपनी सौम्यपणे वागतेय.

मॅन्युअल_टेस्टर: मला पण सहानुभूती नाही वाटत, सॉरी. मी २०१८ लाच खरा दीड वर्षाचा एक्सपीरियन्स घेऊन फिरत होतो आणि प्रत्येक ठिकाणी "मिनिमम ३ इयर्स" म्हणून पहिल्याच राउंडला बाहेर. ती सीट कोणीतरी असंच लेटर दाखवून घेतली असणार. त्याचं रेटिंग चांगलं आलं कारण त्याला आत जाऊन शिकायला मिळालं, आम्हाला दारातच अडवलं.

लेबर_कोर्ट_पुणे: टेस्टरचा राग मला मान्य आहे, पण इथे दोन प्रश्न वेगळे आहेत. खोटं बोलणं गैरवर्तन आहे का, तर हो, आणि उशिरा सापडलं म्हणून कंपनीचा कारवाईचा हक्क जात नाही. ती कारवाई कशी करायची आणि कंपनीने कुठे थांबायचं हा दुसरा प्रश्न, आणि तिथे एचआर मॅडम अर्ध्याच बरोबर आहेत.

क्लॉज असला तरी तो "माहिती खोटी निघाली तर" असा असतो. खोटी निघाली हे ठरवायचं कोणी? व्हेरिफिकेशन एजन्सीचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. एजन्सी बऱ्याचदा यूएएन म्हणजे पीएफ नंबरवरची सर्व्हिस हिस्टरी बघते आणि त्यात ती कंपनी दिसली नाही की लाल शेरा मारते. पण पीएफ साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असतील तिथे लागू होतो, छोट्या कंपनीत खरंच काम केलेल्याची पण नोंद तिथे नसते. म्हणून आरोप लेखी द्यायचा, कागद दाखवायचे, त्याचं म्हणणं ऐकायचं. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की कन्फर्म झालेल्या माणसाला खोट्या माहितीवरून काढायचं तर आधी खातेनिहाय चौकशी हवी. ती केस सरकारी नोकरीची आणि पोलीस केस लपवण्याची होती, प्रायव्हेट कंपनीला जशीच्या तशी लागू नाही, पण भाऊ कायद्याने वर्कमन, म्हणजे मॅनेजर नसलेला कामगार, असेल तर लेबर कोर्ट पण चौकशी नीट झाली का हेच आधी बघतं.

एचआरवाली_ठाणे: पण चौकशी न करता काढलं तरी कंपनी नंतर लेबर कोर्टात पुरावा देऊ शकतेच ना? आमच्या वकिलांनी तरी असंच सांगितलंय.

लेबर_कोर्ट_पुणे: देऊ शकते, बरोबर आहे. पण मग खोटं सिद्ध करायचं ओझं कोर्टात सगळं कंपनीवर येतं, आणि तिथे फक्त एजन्सीचा पीडीएफ दाखवून भागत नाही.

चंद्रपूरकर: भाऊ, घाबरू नका, नोकरी जात नाही. आमच्या काकांचं जातीचं प्रमाणपत्र अवैध ठरलं तरी शासनाने त्यांना अधिसंख्य म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर घेतलं, आजही ड्युटीवर आहेत. तुम्ही पण तसा अर्ज करा.

लेबर_कोर्ट_पुणे: दादा, ते वेगळं आहे. जात प्रमाणपत्राबाबत महाराष्ट्राचा २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अवैध प्रमाणपत्रावरची नोकरी कितीही वर्षं झाली तरी टिकत नाही, त्यानंतर शासनाने डिसेंबर २०१९ च्या जीआरने अधिसंख्य पदं काढली. प्रायव्हेट कंपनीत अशी सोय नसते.

आता पैशाचं. पीएफला कंपनी हात लावू शकत नाही. केलेल्या कामाचा पगार पण परत मागता येत नाही, काम तर घेतलंय ना. राहिली ग्रॅच्युइटी. बेसिक ४० हजार धरलं तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७ वर्षं, म्हणजे साधारण १ लाख ६१ हजार. ही जप्त करायला आधी टर्मिनेशन व्हावं लागतं आणि त्याचं कारण नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य असावं लागतं. आधी कोर्टात शिक्षा झालेली लागते असं म्हणत होते, पण फेब्रुवारी २०२५ ला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षा झालीच पाहिजे असं नाही. त्यात जन्मतारीख खोटी देऊन नोकरी मिळवली होती, पूर्ण ग्रॅच्युइटी गेली. त्याच निकालात एसटीच्या कंडक्टर लोकांनी तिकिटाचे पैसे घेतले होते, त्यांची मात्र २५ टक्केच जप्त करू दिली.

मॅन्युअल_टेस्टर: मग झालं की, जन्मतारीख आणि एक्सपीरियन्स यात फरक काय?

लेबर_कोर्ट_पुणे: माझ्या मते आहे. तिथे नेमणूकच त्या तारखेमुळे बेकायदेशीर धरली. इथे बघावं लागेल की ते दीड वर्ष नसतं तर घेतलंच नसतं का, पोस्टची अट ३ वर्षं होती की नुसतं "प्रेफर्ड" होतं. जॉबची जाहिरात आणि ऑफर लेटर शोधा. पण दुसऱ्या बाजूचा वकील तुम्ही म्हणताय तेच म्हणणार आणि त्याला आधार आहे. बनावट लेटर देणं हे नुसतं वर्षं वाढवून लिहिण्यापेक्षा जड आहे, हे पण खरं.

धागाकर्ता (हिंजवडी): एक सांगायचं राहिलं, २०२१ ला ऑनसाइटसाठी व्हिसाची कागदपत्रं देताना तेव्हाच्या एचआरने मेल करून विचारलं होतं की ही कंपनी यूएएनमध्ये का नाही. याने उत्तर दिलं की ते लेटर कन्सल्टन्सीचं होतं, माझं तिथे काम नव्हतं. नंतर काहीच झालं नाही, उलट पुढच्या वर्षी प्रमोशन दिलं.

लेबर_कोर्ट_पुणे: हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! घड्याळ खोटं बोलल्यापासून नाही, कंपनीला कळल्यापासून चालतं. कळूनही चार वर्षं गप्प बसली, वर प्रमोशन दिलं, तर ते माफ केलं असा मजबूत मुद्दा होतो. बनी सिंग केसमध्ये १९९० ला सुप्रीम कोर्टाने अशाच कारणाने चौकशी रद्द केली होती, खात्याला आधीच माहीत होतं आणि बारा वर्षं काही केलं नाही. ऑफिसचा अॅक्सेस जाण्याआधी त्या मेलची प्रिंट काढा.

एचआरवाली_ठाणे: एका एचआर एक्झिक्युटिव्हला मेल गेला म्हणजे कंपनीला कळलं असं मी नाही मानणार. तिला माफ करायचा अधिकारच नव्हता. आणि प्रमोशन देणाऱ्या मॅनेजरने तो मेल बघितला पण नसेल.

लेबर_कोर्ट_पुणे: यावर खरंच वाद होऊ शकतो, मेल कोणाकोणाला सीसी होता त्यावर आहे. पण त्याआधी भावाचं काम काय ते सांगा. स्वतः टेस्ट केस लिहून चालवत असेल तर वर्कमन म्हणून लेबर कोर्टात जाता येईल आणि तिथे नोकरी परत मिळू शकते. लोकांच्या रजा, अप्रेझल तोच मंजूर करत असेल तर मात्र सिव्हिल कोर्ट, आणि तिथे नोकरी परत मिळत नाही, बहुतेक नोटीस पिरियडच्या पगाराएवढेच पैसे. पदनाव काय आहे याला महत्त्व नाही.

धागाकर्ता (हिंजवडी): नावाला टेस्ट लीड आहे पण ८ जणांच्या टीममध्ये रजा मॅनेजरच मंजूर करतो, हा दिवसभर टेस्टिंगच करतो. मग रिझाइन करायचं का नाही?

लेबर_कोर्ट_पुणे: आज संध्याकाळी सही नको. स्वतःहून दिला असं दिसलं की दबाव टाकला हे सिद्ध करणं फार कठीण. मेल टाका की लेखी आरोप आणि रिपोर्टची कॉपी द्या, उत्तराला वेळ द्या. त्यात काही कबूल करू नका, खोटं पण लिहू नका. नंतर तडजोड करावीशी वाटली तर रिझाइन करायला हरकत नाही, राजीनामा दिला की टर्मिनेशनच होत नाही, म्हणजे ग्रॅच्युइटी जप्त करायला जागा उरत नाही. पण रिलिव्हिंग लेटरची भाषा आधी लेखी घ्या.

मॅन्युअल_टेस्टर: २०२१ ला त्याने खरं सांगितलं हे मला आवडलं, तेवढ्यापुरतं माझं मत बदललं. पण कंपनीने तेव्हाच काढायला हवं होतं असंच वाटतं.

धागाकर्ता (हिंजवडी): मेलची प्रिंट काढली. सीसीमध्ये बिझनेस युनिटच्या एचआर हेडचं नाव आहे.